सोसायटीचं नोटीस-ॲप: नो-कोड की स्वतःचा कोड? या चुका टाळा

आमची ८४ फ्लॅटची सोसायटी. व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणीकपातीची नोटीस 'शुभ सकाळ'च्या खाली गाडली जायची, म्हणून कमिटीने ठरवलं की नोटिसा आणि कार्यक्रमांसाठी ॲप करायचं. गूगल शीटवर चालणाऱ्या ॲपशीट या नो-कोड साधनात, म्हणजे कोड न लिहिता, दोन रविवारांत ते उभंही राहिलं. त्यानंतर ज्या चुका झाल्या त्या बहुतेक आमच्याच होत्या, आणि प्रत्येक चुकीतून एकच प्रश्न वर आला: कुठलं काम नो-कोडवर ठेवायचं आणि कुठलं कोडमध्ये न्यायचं?

पहिली तक्रार आली कोजागिरीची. शीटमध्ये नोंद होती, ॲपमध्ये कार्यक्रम दिसत नव्हता. घटस्थापनेच्या नोंदीचंही काहीतरी बिनसलेलं होतं. सेक्रेटरींना वाटलं ॲप बिघडलं, आता प्रोग्रामरच लावायला हवा. मी शीट उघडून तारखांचा रकाना नीट पाहिला. '22/09/2025' हा मजकूर चौकटीत डावीकडे चिकटलेला होता आणि '06/10/2025' उजवीकडे. निदान तिथेच झालं. शीटचं लोकेल अमेरिकेचं होतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. बाविसावा महिना नसतो, म्हणून पहिली नोंद तारीख न होता नुसता मजकूर राहिली. दुसरीचा अर्थ मात्र ६ ऑक्टोबरऐवजी १० जून लागला. यादीला आम्ही `[EventDate] >= TODAY()` अशी चाळणी लावली होती, त्यामुळे कोजागिरी 'होऊन गेलेला कार्यक्रम' म्हणून गळाली.

शीटमध्ये File, मग Settings, तिथे Locale भारताचं करा. ॲपशीटमध्ये त्या टेबलचं Data locale सुद्धा तेच ठेवा. पण एवढ्यावर थांबू नका. आधी चुकीची वाचली गेलेली तारीख आत १० जून म्हणूनच साठलेली असते. लोकेल बदललं की ती '10/06/2025' अशी दिसेल, पण सुधारणार नाही. अशा नोंदी हाताने पुन्हा टाकाव्या लागतात. महिन्याच्या १ ते १२ तारखांच्या नोंदी आधी तपासा, कारण गुपचूप उलटतात त्या याच. अशा दुखण्यासाठी कोड लिहायला घेणं म्हणजे सर्दीसाठी ऑपरेशन.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. खजिनदारांनी चांगल्या हेतूने थकबाकीचं टेबल त्याच ॲपला जोडलं आणि 'इतरांची थकबाकी दिसू नये' म्हणून ते रकाने लपवले. रकाना लपवला की पडद्यावरून जातो, पण माहिती प्रत्येकाच्या फोनवर उतरतच असते. ज्याला थोडी माहिती आहे तो ती काढू शकतो. फोनपर्यंत पोचूच द्यायची नसेल तर टेबलच्या Security filter मध्ये अट घालावी लागते:

```
[FlatNo] = LOOKUP(USEREMAIL(), "Members", "Email", "FlatNo")
```

ही अट चालायला ॲपमध्ये लॉगिन सक्तीचं हवं, नाहीतर `USEREMAIL()` रिकामा येतो. तपासणी सोपी आहे. भाडेकरू म्हणून नोंदवलेल्या एखाद्या ईमेलने दुसऱ्या फोनवर लॉगिन करा आणि शेजारच्या फ्लॅटचा नंबर शोधा. काहीही सापडलं तर ॲप त्याच क्षणी बंद ठेवा. माझं स्वतःचं मत असं की नोटिसांच्या ॲपमध्ये थकबाकी नकोच. आम्ही ते टेबल काढून टाकलं.

तिसरी चूक हिशेबाची. चाचणीला आम्ही दहाच जण होतो, आणि दहा जणांपर्यंत ॲपशीटवर फुकटात चाचणी करता येते. सगळ्यांना द्यायची वेळ आली तेव्हा कळलं की सुरुवातीचा प्लॅन माणशी महिना ५ डॉलर आहे. घरटी एकच माणूस धरला तरी ८४ गुणिले ५, म्हणजे ४२० डॉलर. महिन्याला ३५ हजार रुपयांच्या वर! नोटिसा वाचायला एवढे पैसे सर्वसाधारण सभा मंजूर करणार नाही, आणि करूही नयेत. नो-कोड साधन निवडताना आधी हेच विचारा: पैसे माणशी आहेत की ॲपमागे? सोसायटीत लिहिणारे पाच आणि वाचणारे दोनशे असतात, म्हणून माणशी दर आपल्याला परवडत नाही. आम्ही लिहिण्याची बाजू कमिटीपुरती ठेवली आणि वाचायला गूगल साइट्सवर साधं पान केलं. त्याचा क्यूआर कोड लिफ्टमध्ये लावला. आजी-आजोबांनाही लॉगिनची कटकट उरली नाही.

इथपर्यंत नो-कोड पुरलं. अडलं ते हॉलच्या बुकिंगवर. चाचणीच्या काळात एका रविवारी संध्याकाळसाठी दोन घरांना हॉल मिळाला: एकाकडे बारसं, दुसऱ्याकडे साठीशांत. दोघांच्याही फोनवर 'बुकिंग झालं' असं होतं. ॲपमध्ये 'ही वेळ आधीच घेतली आहे का' अशी अट होती, पण ती फोनवरच्या प्रतीशी ताडून पाहिली जाते. दोघांच्याही प्रती शेवटच्या सिंकच्या वेळच्या, आणि दोन्हींत हॉल मोकळा. मागाहून दोन्ही ओळी शीटमध्ये जाऊन बसल्या. शीटला 'अशी ओळ दुसऱ्यांदा घेऊ नकोस' असं बजावता येत नाही. डेटाबेसला येतं:

```
CREATE UNIQUE INDEX one_booking
ON bookings (hall, booking_date, slot)
WHERE status = 'confirmed';
```

शेवटची ओळ गाळू नका. ती नसेल तर रद्द केलेलं बुकिंगही जागा अडवून बसतं आणि हॉल मोकळा असून कुणालाच मिळत नाही. तेवढं एक छोटं वेबपान आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसवर कोड करून घेतलं. कोड करवून घ्यायचा नसेल तर ॲपमधलं 'बुकिंग' हे 'विनंती' करा. स्थिती 'प्रलंबित' राहील, आणि सेक्रेटरींनी शीट पाहून मंजूर केल्याशिवाय कुणाला हो म्हणायचं नाही. महिन्याला चार-पाच बुकिंग असतील तर हेच बरं.

कोडकडे वळलात तर प्ले स्टोअरची घाई करू नका. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. गणपती आठवड्यावर आले असताना सुरुवात केली, तर गणपती बसेपर्यंत ॲप येत नाही. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, ते वेगळेच. वेबपानाला यातलं काही लागत नाही. मात्र आयफोनवर वेबपानाच्या सूचना यायला आयओएस १६.४ किंवा पुढची आवृत्ती लागते आणि पान आधी होम स्क्रीनवर जोडावं लागतं. 'मला नोटीस आलीच नाही' म्हणणाऱ्या आयफोनवाल्यांना आधी हे विचारा. अँड्रॉइडवर सूचनांची परवानगी नाकारलेली आहे का ते पाहा.

वार्षिक सभेची नोटीस ॲपवर टाकली की काम झालं, असंही धरू नका. आदर्श उपविधींप्रमाणे १४ पूर्ण दिवस आधी नोटीस द्यायची असते. ती सूचनाफलकावर लावा आणि सभासदांपर्यंत पोचल्याची नोंद ठेवा. ॲपवरची प्रत आठवणीसाठी असू द्या.

ॲपचं खातं कुणाच्या नावावर आहे, हे आम्हाला कमिटी बदलताना समजलं. ईमेल सोसायटीचा होता, पण ओटीपी जायचा तो जुन्या सेक्रेटरींच्या मोबाइलवर, आणि ते मुलीकडे नागपूरला गेलेले. तीन फोन झाले तेव्हा पासवर्ड बदलला. आता सोसायटीच्या ऑफिसात एक साधा मोबाइल ठेवलाय. त्याचा नंबर, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आणि कोड कुठे ठेवला आहे ते हस्तांतराच्या यादीत लिहिलंय, कपाटाच्या किल्ल्यांच्या लगेच खाली.