घटप्रभेला करकोचे बघायला जाताय? या चुका टाळा

डिसेंबरातला रविवार. बेळगावातून साडेसहाला गाडी निघते, वाटेत निवांत नाष्टा होतो आणि नऊच्या सुमारास मंडळी घटप्रभा नदीवरच्या धुपदाळच्या बंधाऱ्यावर पोचतात. समोर पाणी, चार बगळे, थोडी बदकं. कांड्या करकोचा एकही नाही. मग खापर गाइडवर फुटतं.

करकोचे असतात, पण त्या वेळी तिथे नसतात. ते रात्र उथळ पाण्यात किंवा उघड्या पडलेल्या बेटांवर काढतात. उजाडल्यावर थव्याथव्यानं उठून आसपासच्या शेतांत दाणे टिपायला जातात आणि ऊन तापलं की पाणी प्यायला, विसावायला परततात. म्हणजे नऊ ही नेमकी चुकीची वेळ. एकतर पाचला निघा आणि सूर्य उगवायच्या आत काठावर उभे राहा, नाहीतर अकरा-साडेअकरापर्यंत थांबायची तयारी ठेवा. थांबलात तर हळदी-कुंकू बदकं, थापट्या, धोबी असे पक्षी बघण्यात वेळ छान जातो. मात्र दुपारी तापलेल्या हवेमुळे लांबचं चित्र थरथरतं. फोटो अस्पष्ट आला म्हणून लेन्सला दोष देऊ नका. सकाळी ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतील.

लांबून राखी बगळाही करकोचासारखा भासतो. उडताना बघा: बगळा मान दुमडून घेतो, करकोचा सरळ ताणतो.

दुसरी चूक महिन्याची. दिवाळीच्या सुट्टीत बरेचजण येतात, तेव्हा बंधारा बहुधा तुडुंब असतो आणि चिखल, बेटं पाण्याखाली. डिसेंबर-जानेवारी बरा. तरी परतीचा पाऊस लांबला आणि गावोगावची तळी भरलेली राहिली, तर पक्षी विखुरतात. त्या वर्षी थवा लहान दिसला तर नवल नाही.

गाइड ठरवताना "करकोचे नक्की दिसतील ना?" असं विचारू नका, हो म्हणणारे चिकार भेटतात. "या आठवड्यात कुठल्या शेतात उतरले होते, किती वाजता?" असं विचारा. उत्तर गावाच्या नावासकट आलं तर माणूस कामाचा. इथे मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा असेल तर शेतकऱ्यांकडूनही ताजी बातमी मिळते. थव्याच्या जवळ नेऊन उडवून दाखवतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. उडवलेला थवा दुसऱ्या शेतात जातो आणि तुमची सकाळ तिथेच संपते.

आणि त्याच दिवशी खानापूरकडे भीमगडच्या जंगलात धनेश, कर्णा बघून यायचा बेत? तो दिवस वेगळा ठेवा. जंगलातली खरी वर्दळ सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांची, आणि तिथे आधी वनखात्याची परवानगी लागते. दाट झाडीत पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात. वीस आवाज ऐकून सात पक्षी नीट दिसले, तरी ती सकाळ चांगलीच गेली असं समजा.