सपाट चित्रात खोली आणताना या चुका टाळा

सपाट चित्राचे थर कापायचे, ते कमी-जास्त अंतरावर ठेवायचे आणि समोरून कॅमेरा हळूच सरकवायचा. काम ऐकायला सोपं वाटतं, म्हणून जो तो घाईने कॅमेऱ्याकडे धावतो. मग घराच्या कडेला पांढरी फट उघडते, माणसाचे पाय जमिनीवरून घसरतात, आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो.

सगळी आकडेमोड एकाच शॉटवर करू. आफ्टर इफेक्ट्समध्ये १९२० बाय १०८०ची कॉम्प आहे, २५ फ्रेमचा वेग आहे आणि शॉट ६ सेकंदांचा. चित्र कोकणातलं: मागे आकाश, मग डोंगर, मधे अंगणासह कौलारू घर, अंगणात उभा माणूस, आणि अगदी पुढे आंब्याची फांदी. कॅमेरा ५० एमएमचा. या कॉम्पमध्ये त्याचं `Zoom` सुमारे २६६७ पिक्सेल येतं आणि तो घरापासून तेवढाच मागे उभा असतो. घर झेड ० वर, डोंगर ५३३३ वर, फांदी उणे १३३३ वर आणि आकाश २४००० वर.

मागचं न रंगवता कॅमेरा हलवणं

सगळ्यात जास्त शॉट इथेच बिघडतात. कॅमेरा २०० पिक्सेल उजवीकडे सरकवला की प्रत्येक थर पडद्यावर डावीकडे सरकतो. किती, ते काढायला २०० ला `Zoom`ने गुणायचं आणि थराच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतराने भागायचं. घर २६६७ वर आहे, म्हणून ते पूर्ण २०० सरकतं. डोंगर ८००० वर, म्हणून ६७. फांदी १३३४ वर, म्हणून जवळजवळ ४००. आकाश जेमतेम २०.

घर आणि डोंगर यांच्या सरकण्यातला फरक १३३ पिक्सेलचा. घराच्या उजव्या कडेमागचा तेवढा डोंगर आता उघडा पडणार, आणि मूळ चित्रात तिथे डोंगर नव्हताच, घर होतं. म्हणजे कॅमेरा लावण्याआधीच घराच्या उजव्या कडेपासून आत निदान १६० पिक्सेल डोंगर रंगवलेला हवा. डाव्या कडेमागे या चालीत काही उघडं पडत नाही, तिथे वेळ घालवू नका. चाल मध्यापासून डावीकडे १०० आणि उजवीकडे १०० अशी वाटली, तर दोन्ही कडांना ६७-६७ पुरतात. मोठी भोकं भरण्यापेक्षा चाल अशी वाटून घेणं केव्हाही बरं.

फ्रेमच्या कडेलाही हाच हिशेब लागतो, पण तिथे नवशिक्यांचा अंदाज उलटा असतो. ते आकाश रुंद करून ठेवतात आणि अंगण फ्रेमएवढंच कापतात. जास्त सरकतो तो जवळचा थर, त्यामुळे उजवीकडे अंगणाला २०० पिक्सेल जादा लागतात आणि आकाशाला वीस. म्हणून फोटोशॉपमधला कॅनव्हास सुरुवातीपासूनच फ्रेमपेक्षा मोठा घ्यावा.

पाय घसरणं

माणूस घराच्या पुढे दिसावा म्हणून त्याला उणे ३०० वर आणतात आणि अंगण घराबरोबर शून्यावरच ठेवतात. आता माणूस २२५ पिक्सेल सरकतो आणि त्याच्या पायाखालची जमीन २००. सहा सेकंदांत पाय २५ पिक्सेल घसरतात. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण माणूस कापून चिकटवलाय हे लगेच कळतं. मग त्यावर सावली टाकतात, धूसरपणा वाढवतात. त्याने काही होत नाही, कारण चूक अंतराची आहे.

आधी त्याला उणे ३० वर न्या. फरक दोन-सव्वादोन पिक्सेलवर येतो आणि डोळ्याला कळतही नाही. माणूस खरोखरच पुढे हवा असेल तर पाय झाकले जातील असा गवताचा किंवा दगडांचा थर त्याच्याच अंतरावर ठेवा. जमीन आडवी करून, म्हणजे तिचा वेगळा थर एक्स अक्षावर ९० अंश फिरवून, पायांना खरी जमीन देता येते. पण मग रंगवलेली जमीन त्या कोनासाठी पुन्हा ताणून बसवावी लागते. सहा सेकंदांच्या शॉटला एवढा खटाटोप क्वचितच परवडतो. जे जमिनीला टेकतं ते जमिनीच्याच अंतरावर, ही सवय लावून घ्या.

झूमला पुढे जाणं समजणं

`Zoom`ला कीफ्रेम देऊन २६६७चं ३२०० केलं की आकाशापासून फांदीपर्यंत सगळं सारखंच १.२ पट मोठं होतं. खोली शून्य. हे तर सपाट चित्राचा स्केल वाढवूनही झालं असतं, मग थर कापायचे कशाला? कॅमेराच झेडवर ५०० पुढे न्या: घर १.२३ पट होतं, डोंगर फक्त १.०७ पट, फांदी १.६ पट आणि आकाश जवळजवळ तेवढंच राहतं. डिस्नेचा १९३७ सालचा मल्टिप्लेन कॅमेरा याच अडचणीवर उत्तर होता. एकाच सपाट चित्रावर कॅमेरा पुढे नेला की चंद्रही घराबरोबर मोठा व्हायचा.

अशा चालीत फांदीचं चित्र फुटतं, कारण ते १.६ पट ताणलं जातं. म्हणून पुढचे थर दुप्पट रिझोल्यूशनने रंगवा. डोंगराचा स्केल ३०० टक्के दिसला म्हणून घाबरू नका. तो तिप्पट लांब आहे, त्यामुळे पडद्यावर मूळ आकाराचाच दिसतो.

थर मागे-पुढे केल्यावर मूळ रचना जुळवायला स्केल डोळ्यांनी ओढत बसणं हीही चूकच. स्केलवर हे एक्स्प्रेशन टाका:

```
z = transform.position[2];
zm = thisComp.layer("Camera 1").cameraOption.zoom;
s = 100 * (zm + z) / zm;
[s, s, s]
```

यासाठी सगळे थर सारख्या आकाराच्या कॅनव्हासवर हवेत, दुप्पट रिझोल्यूशनने रंगवलेल्या थराला `100`ऐवजी `50` घ्यायचे, त्यांचा अँकर पॉइंट आणि जागा कॉम्पच्या मध्यावर हवी, आणि सुरुवातीला कॅमेरा झेडवर `Zoom`इतकाच मागे हवा. पीएसडी आणताना `Retain Layer Sizes` निवडलं तर प्रत्येक थर आपापल्या आकाराला कापला जातो, अँकर विखुरतात आणि मग रचना जुळत नाही.

कॅमेरा सरकवायचा तर वळतो

`Two-Node Camera`च्या फक्त `Position`ला कीफ्रेम दिले तर तो आपल्या नजरेच्या बिंदूकडेच बघत राहतो. २०० पिक्सेल उजवीकडे गेल्यावर तो ४.३ अंश डावीकडे वळलेला असतो. घर जागच्या जागी राहतं, आणि डावीकडे ६७ सरकायचे ते डोंगर उजवीकडे १३३ जातात. म्हणजे फ्रेमची डावी कड उघडी पडते, जिथे काही रंगवलेलंच नसतं. `Top` व्ह्यू उघडला की हे एका नजरेत दिसतं. सरळ चालीला `One-Node Camera` घ्या, किंवा कॅमेरा नल ऑब्जेक्टला पेरेंट करून नल हलवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. थ्रीडी थर प्रीकॉम्पमध्ये टाकून `Collapse Transformations` लावलं नाही तर सगळी खोली पुन्हा सपाट होते. कापलेल्या कडेला पांढरी रेघ दिसली तर मॅट एखादा पिक्सेल आत घ्या, फेदर वाढवू नका. डोंगराचे काळे रंग घराइतकेच गडद ठेवले तर कितीही मागे ढकला, डोंगर मागे जात नाहीत. काळा थोडा उचला आणि किंचित निळसर करा. आणि शॉट कॅमेरा हलत असतानाच कापायचा असेल तर ईझ देऊ नका, नाहीतर कटच्या आधी कॅमेरा मंदावतो आणि शॉट अडखळल्यासारखा दिसतो.