दिवसभर उभं राहून पाय भरून येतात? स्टॉकिंग कसं मोजावं, कसं चढवावं आणि डॉक्टरांकडे कधी जावं

लक्ष्मी रोडवरचे सेल्समन, चौकातले ट्रॅफिक पोलीस, पीएमपीच्या बसमधले कंडक्टर, भोसरी-चाकणला मशीनवर उभे राहणारे कामगार, या सगळ्यांची संध्याकाळची तक्रार एकच असते. पाय जड होतात, पोटऱ्या ठसठसतात, घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो आणि रात्री पायात गोळे येतात.

पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. एकाच जागी उभं राहिलं की हा पंप बंद पडतो. मग घोट्याजवळच्या शिरेतला दाब 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो. चालायला लागलं की निरोगी पायात तो साधारण 30 पर्यंत उतरतो. झडपा सैल झाल्या असतील तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही, शिरा फुगतात आणि वाकड्यातिकड्या दिसू लागतात. याच व्हेरिकोज व्हेन्स. उभं राहण्याच्या कामात त्यांचा त्रास वाढतो, पण घरात आई-वडिलांना असतील, वय वाढलं असेल, वजन जास्त असेल किंवा बाळंतपणं झाली असतील तर शक्यता आणखी वाढते. या त्रासासाठी घालतात ते स्टॉकिंग म्हणजे पायाला बाहेरून दाब देणारा घट्ट, लवचिक मोजा.

आधी खात्री करा की दुखणं शिरांचंच आहे

शिरांचा त्रास सकाळी कमी असतो, दिवसभरात वाढत जातो आणि पाय उशीवर ठेवून झोपलं की उतरतो. बहुतेकदा एका पायाला जास्त असतो. दोन्ही पाय सारखे सुजत असतील, बोटाने दाबल्यावर खळगा पडत असेल, तर हृदय, किडनी, थायरॉइड यांची तपासणी आधी व्हायला हवी. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी चालू असेल तर तिच्यामुळेही घोटे सुजतात. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणखी एक फरक ओळखायला हवा. थोडं चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की लगेच बरं वाटतं, असं होत असेल तर दोष रक्त नेणाऱ्या धमन्यांचा असू शकतो. असे लोक, बरीच वर्षं सिगारेट ओढणारे आणि पायाला बधिरपणा आलेले मधुमेही यांनी स्टॉकिंग परस्पर आणून घालू नये. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर बाहेरून दाब दिला तर कातडी काळी पडून जखम होऊ शकते. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना केली की डॉक्टरांना हे कळतं.

मोजमाप सकाळीच घ्या

स्टॉकिंगचा दाब घोट्यापाशी सगळ्यात जास्त असतो आणि वर जाताना कमी होत जातो, म्हणून घोट्याचं माप सगळ्यात महत्त्वाचं. अंथरुणातून उठल्या-उठल्या, सूज यायच्या आत, शिंप्याच्या टेपने तीन मापं घ्या: घोट्याच्या हाडाच्या किंचित वर, जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पायांची वेगळी घ्या.

साडीच्या दुकानातल्या 46 वर्षांच्या एका सेल्समनचं उदाहरण घेऊ. डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूला शिरा फुगलेल्या, दिवाळीच्या हंगामात दहा-दहा तास उभं राहणं. त्याने संध्याकाळी, बुटाचा नंबर सांगून ‘लार्ज’ जोडी आणली. घोट्याशी ती ढिली पडली, तर वरची कड घसरून गुडघ्याखाली गुंडाळली जायची. म्हणजे जिथे दाब हवा तिथे नव्हता आणि वर मात्र घट्ट दोरी बांधल्यासारखी झाली होती. पाऊल आधीपेक्षा जास्त सुजायला लागलं. सकाळी मोजलं तेव्हा घोटा 23 सेंटिमीटर आणि पोटरी 38 भरली, आणि त्या कंपनीच्या तक्त्यात ते माप ‘मीडियम’मध्ये बसलं. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे जुन्या खोक्यावरचा साइझ नव्या कंपनीला लावू नका.

खोक्यावर दाबाचा आकडाही पाहा. नुसता जडपणा असेल तर 15 ते 20 मिलिमीटर पारा पुरतो. शिरा फुगलेल्या असतील आणि रोज सूज येत असेल तर साधारण 20 ते 30 चं लागतं, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावं. मांडीपर्यंतचं बहुतेकांना लागत नाही. गुडघ्यापर्यंतचं घालायला सोपं आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये निदान सहन होईल असं. ऑपरेशननंतर हॉस्पिटलात मिळालेली पांढरी स्टॉकिंग्ज घरात पडून असतात, ती मात्र दुकानात उभं राहायला वापरू नका. ती अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णासाठी असतात.

घालायची रीत

अंघोळ झाल्यावर लगेच फिरायला लागू नका. थोडा वेळ पाय वर करून पडा, पाय कोरडा करा आणि मग घाला. आत हात घालून टाच पकडा, टाचेपर्यंतचा भाग उलटा करा, पाऊल आत सरकवा, टाच टाचेवर बसवा आणि मग थोडं थोडं वर न्या. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली मिळते आणि नखांनी धागा निघत नाही. वरची कड गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं राहिली पाहिजे. लांब झालं म्हणून कड दुमडायची नाही, तिथे दाब दुप्पट होतो.

बोटं गार, निळसर किंवा बधिर झाली तर लगेच काढा. रात्री झोपताना काढायचंच. रोज हाताने धुऊन सावलीत वाळवा. साधारण सहा महिन्यांत ताण जातो. सहज चढायला लागलं की ते बदलायची वेळ झाली.

कामावर अधूनमधून टाचा पंधरा-वीस वेळा उचला, काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. यात पोटरीचा पंप चालतो आणि खर्च काही नाही.

स्टॉकिंगने काय होत नाही

जडपणा आणि सूज कमी होते, पण सैल झालेली झडप पुन्हा घट्ट होत नाही. फुगलेल्या शिरा जात नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर उपचार शक्य असताना नुसत्या स्टॉकिंगवर रुग्णाला ठेवू नये, असंच म्हटलं आहे. दिसायला बारीक निळ्या-लाल जाळ्या असतील आणि त्रास नसेल, तर मात्र घाई करायचं कारण नाही.

घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी हा खरा निकष. तिथे तपकिरी डाग पडला, खाज सुटून कातडी सोलायला लागली, ती कडक झाली किंवा जखम भरेना, तर व्हॅस्क्युलर सर्जनकडे जा. आपल्या सेल्समनला दोन वर्षांनी असाच डाग पडला. उभं राहून कलर डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केली तेव्हा घोट्यापासून जांघेपर्यंत जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्त उलटं वाहताना दिसलं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह असला की तो दोष धरतात. झोपवून केलेल्या डॉपलरवर समाधान मानू नका, आणि डॉपलरशिवाय लेझरचं पॅकेज सांगणाऱ्याकडे पैसे भरू नका.

लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने ती शीर आतून भाजून बंद करतात. भूल फक्त पायापुरती, आणि बहुतेक जण त्याच दिवशी चालत घरी जातात. रक्त इतर चांगल्या शिरांतून वर जातं. काही जणांना शीर बंद करणारं फेसाचं इंजेक्शन सुचवतात. जखम झालेल्यांना लवकर उपचाराचा फायदा जास्त: 2018 च्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत दाबपट्टीबरोबर लवकर उपचार केलेल्यांच्या जखमा साधारण 56 दिवसांत भरल्या, उपचार लांबवलेल्यांच्या 82 दिवसांत. काही वर्षांनी दुसऱ्या शिरा फुगू शकतात, हे आधीच विचारून घ्या. उपचारानंतर स्टॉकिंग दिलं तर ते सहसा आठवडाभरच लागतं.

दोन प्रसंगी थांबायचं नाही. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, किंवा सोबत धाप लागली, तर रक्ताच्या गुठळीची शंका धरून थेट इमर्जन्सीत जा. आणि फुगलेली शीर फुटून रक्त येऊ लागलं तर उभे राहू नका: आडवे व्हा, पाय हृदयापेक्षा वर उचला, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा आणि मग दवाखाना गाठा.