या चुका टाळा: घसाऱ्याची पद्धत चुकली की तोट्याचा नफा होतो

सांगलीच्या मार्केट यार्डातली एक हळदीची पेढी धरू. पेढी काल्पनिक आहे, पण गणित परीक्षेत येतं तशाच धाटणीचं. १ एप्रिल २०२१ ला पेढीने हळद पॉलिश करायचा ड्रम ९०,००० रुपयांना घेतला. भाडं आणि बसवणी मिळून १०,००० खर्च आला. घसारा दरसाल १०%, घटत्या शिल्लक पद्धतीने. हिशेब ३१ मार्चला बंद होतात. ३० सप्टेंबर २०२३ ला ड्रम ७६,००० रुपयांना विकला. नफा किती, तोटा किती?

बसवणीचा खर्च किमतीत धरायचा हे बहुतेकांना पाठ असतं, त्यामुळे १,००,००० पर्यंत सगळे नीट येतात. पुढचा प्रश्न एवढाच की हे १०% कशाचे? स्थिर हप्ता पद्धतीत ते मूळ किमतीचे, म्हणून दरवर्षीचा घसारा सारखा. घटत्या शिल्लक पद्धतीत ते वर्षाच्या सुरुवातीला खात्यावर उरलेल्या रकमेचे, म्हणून घसारा दरवर्षी कमी होत जातो.

बरोबर उत्तर असं येतं. पहिल्या वर्षी १०,००० वजा होऊन ९०,००० उरले. दुसऱ्या वर्षी ९,००० गेले, ८१,००० उरले. तिसऱ्या वर्षी ड्रम सहाच महिने पेढीकडे होता, म्हणून ८१,००० वर १०% म्हणजे ८,१०० आणि त्याचे निम्मे ४,०५०. विक्रीच्या दिवशी पुस्तकी किंमत ७६,९५०. मिळाले ७६,०००. म्हणजे तोटा ९५०.

आता स्थिर हप्ता पद्धतीने सोडवलेला पेपर बघा. १०,०००, पुन्हा १०,००० आणि सहा महिन्यांचे ५,०००. पुस्तकी किंमत ७५,००० आणि नफा १,०००. फरक १,९५० रुपयांचाच आहे, पण त्याने तोट्याचा नफा केला आणि नफा-तोटा पत्रकात रक्कम उलट्या बाजूला गेली.

तरी ही चूक पटकन सापडते, कारण तिन्ही वर्षं एकाच चुकीच्या वाटेने गेलेली असतात. खरी फसवी असते ती अर्धवट चूक. पहिली दोन वर्षं बरोबर करून ८१,००० पर्यंत येतात आणि विक्रीच्या वर्षी सवयीने लिहितात: १,००,००० चे १०%, त्याचे सहा महिने, म्हणजे ५,०००. सहा महिन्यांचा हिशेब करायच्या नादात नजर पुन्हा प्रश्नातल्या किमतीवर जाते. मग ८१,००० मधून ५,००० गेले की उरतात बरोबर ७६,००० आणि विक्रीही ७६,००० ची! यंत्र खात्याच्या दोन्ही बाजू नफा-तोट्याची ओळ न लिहिताच जुळतात. विद्यार्थी खूश, उत्तर मात्र चूक.

खातं जुळणं हा इथे पुरावाच नाही. नफा किंवा तोटा हा मुळात दोन बाजूंतला फरक भरून काढणारा आकडा आहे, त्यामुळे घसारा कितीही धरला तरी खातं जुळणारच. तेरीजसुद्धा जुळते. म्हणून तपासायचा तो घसाऱ्याचा आकडा.

त्यासाठी घसाऱ्याचे आकडे एकाखाली एक लिहा. १०% दर असेल तर पूर्ण वर्षाचा घसारा आधीच्या पूर्ण वर्षाच्या नऊ दशांश हवा: १०,०००, ९,०००, ८,१००. लागोपाठच्या दोन पूर्ण वर्षांत तोच आकडा दिसला की पद्धत बदलली आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. हाच ड्रम १ ऑक्टोबरला घेतला असता, तर पहिल्या वर्षी सहा महिन्यांचे ५,००० आणि दुसऱ्या वर्षी ९५,००० चे ९,५०० आले असते. इथे घसारा वाढलेला दिसतो आणि तरी उत्तर बरोबर आहे. म्हणून तुलना पूर्ण वर्षांचीच करायची.

पहिल्याच वर्षावरून पद्धत ओळखायला जाऊ नका. भंगार किंमत दिलेली नसेल तर दोन्ही पद्धतींत पहिल्या वर्षाचा आकडा एकच येतो.

भंगार किंमत दिली असेल तर आणखी एक घोळ होतो. समजा आयुष्य १० वर्षं आणि भंगार १०,०००. स्थिर हप्ता पद्धतीत १,००,००० मधून १०,००० वजा करून ९०,००० ला दहाने भागायचं, घसारा ९,०००, म्हणजे मूळ किमतीच्या ९%. काही जण हाच ९% दर उचलून घटत्या शिल्लकेवर लावतात. मग दहा वर्षांनी खात्यावर सुमारे ३८,९४० रुपये उरतात आणि भंगारवाला देणार १०,०००. घटत्या शिल्लकेने दहा वर्षांत १०,००० वर यायचं तर दर सुमारे २०.६% लागतो आणि तो पूर्ण १,००,००० वरच सुरू करायचा. भंगार किंमत दर काढताना विचारात घेतलेली असते, ती आधी वजा केली तर दोनदा धरली जाते.