एऑर्टिक झडप अरुंद झालीय? "तसा त्रास नाही" म्हणण्याआधी या चुका टाळा

एऑर्टिक झडप, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जाताना उघडणारी झडप, अरुंद झाल्याचं निदान झालेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, "काही त्रास?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "तसा काही नाही." या आजारात सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

समजा, 74 वर्षांच्या आजींचा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात आहे. झडपेतून रक्त सेकंदाला 4.4 मीटर वेगाने जातंय, सरासरी ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक, 46 आहे आणि झडपेचं तोंड 0.8 चौरस सेंटिमीटर. निरोगी झडप 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडते. वेग 4 किंवा ग्रेडियंट 40 झाला की आजार तीव्र समजतात. हृदयाचं पंपिंग मात्र 60 टक्के, म्हणजे चांगलं. आजी म्हणतात, मला काहीच होत नाही.

आत काय चाललंय ते पाहा. दंडावर दाब 120 दिसत असला तरी हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला 170च्या आसपास दाब निर्माण करावा लागतो, कारण बाकीचा त्या अरुंद तोंडातच खर्च होतो. हा भार पेलण्यासाठी कप्प्याची भिंत जाड होत जाते. त्यामुळे पंपिंग वर्षानुवर्षं टिकतं आणि रिपोर्ट दिलासा देत राहतो. पण जाड भिंत ताठही होते. ती नीट सैल पडत नाही, कप्पा भरताना आतला दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि चालताना धाप लागते. वाढलेल्या स्नायूला रक्तही जास्त लागतं. ते पुरेनासं झालं की हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही छातीत दुखतं. श्रम करताना स्नायूंकडच्या वाहिन्या रुंदावतात, पण अरुंद झडप रक्त वाढवून देत नाही. मग दाब कोसळून भोवळ येते किंवा शुद्ध हरपते.

श्रमाने येणारी धाप, छातीतलं दुखणं आणि भोवळ, तीव्र आजारात यांतलं एकही झडपेमुळे सुरू झालं की झडप बदलण्याची वेळ आली. तिन्हींची वाट पाहायची नसते. बदलली नाही, तर इथून पुढचं आयुष्य साधारण दोन ते पाच वर्षांत मोजलं जातं आणि धाप हे त्यातलं सर्वांत वाईट लक्षण.

मग आजींना त्रास का नाही? कारण त्यांनी जिने चढणं सोडलंय. म्हणून "त्रास होतो का?" हा प्रश्नच कुचकामी आहे. "गेल्या वर्षी जे सहज करत होता, त्यातलं आता काय टाळता?" असं विचारा आणि उत्तर घरच्यांकडून घ्या. आजींच्या मुलीने सांगितलं की आई एक मजला चढताना मध्ये थांबते, कारण विचारलं की गुडघ्यांवर ढकलते. शंका राहिली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी करतात. चालताना रक्तदाब वाढण्याऐवजी घसरला किंवा धाप लागली, तर "त्रास नाही" हे उत्तर बाद. ज्यांना लक्षणं उघड आहेत त्यांची ही चाचणी मात्र करायची नाही, ते धोक्याचं आहे.

दुसरी चूक आणखी फसवी. समजा आजींनी दोन वर्षं टाळाटाळ केली आणि नव्या रिपोर्टमध्ये ग्रेडियंट 46 वरून 28 वर आला. घरात आनंद. पण त्याच पानावर झडपेचं तोंड 0.8 च आहे आणि पंपिंग 35 टक्के. झडप सुधारलेली नाही, कप्पा थकलाय. त्याला जोर लावता येत नाही म्हणून ग्रेडियंट उतरलाय. एकटा ग्रेडियंट कधीच वाचू नका, पंपिंग आणि झडपेचं क्षेत्रफळ शेजारी ठेवा. अशा वेळी झडप खरंच किती अरुंद आहे हे ठरवायला हृदयाचा जोर वाढवणारं डोब्युटामिन देऊन इको करतात, किंवा सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. खरं तर इथवर पोचायलाच नको. तीव्र आजारात पंपिंग 50 टक्क्यांखाली गेलं की लक्षणं नसली तरी झडप बदलावी असाच नियम आहे.

स्टेथोस्कोपवरच्या आवाजाचंही असंच. रक्त कमी वाहू लागलं की तो मंदावतो, म्हणून मंद आवाज म्हणजे सौम्य आजार असं नाही.

आणि गोळ्या? झडपेचं तोंड रुंद करणारं औषध नाही, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिननेही झडप आक्रसणं थांबत नाही. छातीत दुखलं म्हणून जिभेखालची नायट्रेटची गोळी स्वतःच्या मनाने घेणं तर टाळाच. तिने वाहिन्या सैल पडतात, कप्प्यात येणारं रक्त घटतं आणि दाब एकदम उतरू शकतो. झडप छाती उघडून बदलायची की मांडीच्या रक्तवाहिनीतून नळीने नवी झडप बसवायची, म्हणजे टावी करायची, हे वय, इतर आजार आणि झडपेची रचना पाहून ठरतं. उतारवयात बहुधा टावीकडे कल असतो.