नवीन एसएसडीवर सिस्टम इमेज रिस्टोर करताना

माझी २५६ जीबीची एसएसडी गेली तेव्हा मी २४० वाली आणली, सी ड्राइव्हमध्ये डेटा जेमतेम ९० जीबी होता म्हणून वाटलं आरामात बसेल. पण विंडोजचं सिस्टम इमेज रिकव्हरी डेटा किती आहे ते बघत नाही, जुन्या डिस्कची साइज बघतं, त्यामुळे नवीन ड्राइव्ह तेवढाच किंवा मोठाच घ्या, शेवटी मला ५०० वाला आणावा लागला.

दुसरी अडचण बूटची. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करताना बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, जुनी विंडोज UEFI मध्ये असेल (हल्लीच्या मशीनवर बहुतेक असतेच) तर ज्याच्या आधी UEFI लिहिलंय तोच निवडा, नाहीतर फर्मवेअर वेगळं आहे असा एरर येऊन रिस्टोर थांबतं, आणि इमेज खराब झाली समजून माणूस उगाच घाबरतो. इमेज सापडतच नसेल तर बाहेरच्या डिस्कवर `WindowsImageBackup` फोल्डर दुसऱ्या फोल्डरच्या आत गेलाय का किंवा त्याचं नाव बदललंय का बघा, तो सगळ्यात वर आणि त्याच नावाने लागतो. आणि हो, रिस्टोर सुरू करायच्या आधी बाकीच्या डेटा डिस्क काढून ठेवा, फॉरमॅटचा पर्याय टिक असला तर त्याही पुसल्या जाऊ शकतात.

मोठ्या ड्राइव्हवर उरलेली जागा रिकामीच दिसते, ती नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून सी ला जोडा. Extend Volume दाबताच येत नसेल तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलेलं असतं.