पाइपलाइनमधलं पाणी मोजताना या चुका टाळा: शेवटच्या ड्रिपरपर्यंत खत पूर्ण पोचायच्या आत मोटर बंद होते

गेल्या हंगामात आमच्या ठिबकवरच्या वीस गुंठे टोमॅटोत एक गोष्ट नजरेत आली. सबमेनकडची, म्हणजे नळ्यांना पाणी वाटणाऱ्या पाइपजवळची, झाडं हिरवीगार आणि नळीच्या शेवटाकडची फिकट. पाणी मात्र सगळीकडे सारखंच पडत होतं. शेवटाचे दहा आणि सुरुवातीचे दहा ड्रिपर मिनिटभर बाटलीत धरून पाहिले, तर दोन्हीकडे प्रत्येकी 65 मिलीच्या आसपास भरलं. तासाला चार लिटरच्या ड्रिपरला मिनिटाला 67 मिली यायला हवं, म्हणजे त्यात काही खोट नव्हती. खोट होती घड्याळात. मोटर चालू केली की दहा मिनिटं नुसतं पाणी, मग पंचवीस मिनिटं व्हेंच्युरीतून, म्हणजे लाइनमध्ये खत ओढून घेणाऱ्या नळकांड्यातून, खत, मग दहा मिनिटं साधं पाणी, आणि मोटर बंद. ही शेवटची दहा मिनिटं कुठून आली, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. सगळेच दहा मिनिटं म्हणतात.

मग कागद घेऊन बसलो. हिशोब करताना ज्या चुका झाल्या, त्याच बहुतेकांच्या होतात असं नंतर लक्षात आलं.

पाइपचं नाव म्हणजे पाइपचं माप नव्हे

विहिरीपासून शेतापर्यंत 400 मीटर 90 एमएमची पीव्हीसी लाइन आहे. दुकानात आणि गावात तिला तीन इंची म्हणतात. 90 हा आकडा पाइपच्या बाहेरच्या व्यासाचा आहे, पाणी मात्र आतल्या व्यासात मावतं. उरलेला तुकडा शोधून व्हर्नियर लावला तर भिंत 2.2 एमएम निघाली. भिंत दोन्ही बाजूंना असते, म्हणून 90 मधून 4.4 वजा केले आणि आतला व्यास 85.6 एमएम आला. ही भिंत चार किलो, सहा किलो अशा दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. त्यामुळे शेजाऱ्याच्या 90 च्या पाइपचा आकडा आपल्या पाइपला लावून चालत नाही. आणि माप साध्या टोकाला घ्यायचं. सॉकेटचं टोक गरम करून फुगवलेलं असतं, तिथे व्यासही खोटा मिळतो आणि भिंतही.

एका मीटरमध्ये किती लिटर मावतं याचं सूत्र सोपं आहे. आतला व्यास d एमएममध्ये धरायचा:

```
लिटर प्रति मीटर = d × d × 0.785 ÷ 1000
```

आता एकाच पाइपची तीन उत्तरं पाहा. आतला खरा व्यास धरला तर मीटरला 5.75 लिटर. 90 धरला तर 6.36. तीन इंच म्हणजे 76 एमएम असं समजलं तर जेमतेम 4.5. व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे मापातली थोडीशी चूक उत्तरात जवळपास दुप्पट होऊन येते. 400 मीटरला खरं पाणी 2300 लिटर. तीन इंचाच्या भरवशावर राहिलात तर 1800 लिटरच्या आसपास दिसतं, म्हणजे दोनशे लिटरच्या अडीच टाक्यांचं पाणी कागदावरून गायब.

बारीक नळीत हे आणखी बोचतं. आमच्या 16 एमएमच्या लॅटरलचा, म्हणजे ड्रिपर असलेल्या नळीचा, आतला व्यास 13.8 निघाला. त्याने मीटरला 0.15 लिटर येतं. 16 धरून केलं तर 0.20. म्हणजे सरळ एक तृतीयांश जास्त. पातळ भिंतीची, चपटी गुंडाळलेली नळी असेल तर तिचं पोट याहून मोठं असतं, तिला हा आकडा लावू नका. शंका असेल तर साध्या, भोक न पाडलेल्या नळीचं दहा मीटरचं वेटोळं पाण्याने भरायचं, फुंकून मोजपात्रात रिकामं करायचं. आमचं दीड लिटर भरलं आणि व्हर्नियरवर विश्वास बसला.

एक जुनी खोड सांगून टाकतो. πr² लिहून त्यात त्रिज्येच्या जागी व्यास घातला की उत्तर चौपट येतं. 90 च्या पाइपला मीटरमागे पंचवीस लिटर निघालं तर समजायचं की हेच झालंय. मीटरभर तुकड्यात दोन बादल्या पाणी मावणार नाही हे डोळ्यालाही कळतं.

एकूण पाणी भागिले प्रवाह, एवढ्यावर थांबणं

सगळ्यात महागात पडलेली चूक ही. वीस गुंठ्यांत 33 मीटर सबमेन, दीड मीटरवर एक अशा 22 नळ्या, प्रत्येक नळी 60 मीटर, 40 सेंटिमीटरवर चार लिटरचा ड्रिपर. म्हणजे नळीला 150 ड्रिपर, तासाला 600 लिटर, मिनिटाला दहा. 22 नळ्यांचे मिनिटाला 220 लिटर.

पाणी मोजलं. मेन लाइनमध्ये 2300 लिटर, 63 एमएमच्या सबमेनमध्ये 93, नळ्यांमध्ये प्रत्येकी नऊ म्हणजे 198. बेरीज 2591. भागिले 220, उत्तर बारा मिनिटांच्या आत. मला वाटलं, दहाऐवजी बारा केले की झालं.

झालं नाही. मेन लाइनपुरता हा भागाकार बरोबर आहे, कारण तिच्यातून सगळं पाणी टोकापर्यंत जातं. 2300 भागिले 220, म्हणजे साडेदहा मिनिटं. नळीत मात्र पाणी वाटेत गळत जातं, तेच तर तिचं काम. पहिल्या 40 सेंटिमीटरमधून 150 ड्रिपरांचं पाणी धावतं. शेवटच्या 40 सेंटिमीटरमधून फक्त एका ड्रिपरचं. त्या शेवटच्या तुकड्यात 60 मिली पाणी असतं आणि ड्रिपर मिनिटाला 67 मिली ओढतो, म्हणून तो एवढासा तुकडा पार करायला पाण्याला 54 सेकंद लागतात. त्याच्या आधीच्या तुकड्याला दोन ड्रिपर ओढतात, म्हणून 27 सेकंद. त्याआधीच्याला 18. अशी बेरीज 150 तुकड्यांपर्यंत केली की 302 सेकंद येतात, म्हणजे पाच मिनिटं. सरळ भागाकाराने याच नळीला 54 सेकंद मिळाले होते.

बेरजेत एक गंमत दिसली. शेवटच्या दहा ड्रिपरांचा चार मीटरचा तुकडा एकटा दोन मिनिटं 38 सेकंद खातो. आधीचे 56 मीटर त्याहून कमी वेळात होतात. आमची फिकट झाडं नेमकी त्या शेवटच्या पट्ट्यात होती.

एवढी बेरीज करायची नसेल तर सरळ भागाकाराचं उत्तर नळीला 50 ड्रिपर असतील तेव्हा साडेचार पट, 150 असतील तेव्हा साडेपाच पट धरा. सबमेनलाही हाच न्याय लागतो, तिथे नळ्या म्हणजेच ड्रिपर. 22 नळ्यांसाठी दीड मिनिट आलं. साडेदहा, दीड आणि पाच मिळून सतरा मिनिटं. व्हेंच्युरी विहिरीवर असेल तर खताचा थेंब शेवटच्या झाडाला इतक्या उशिरा भेटतो.

आता आमचं जुनं घड्याळ यावर ठेवून पाहा. खत दहाव्या मिनिटाला सुरू, शेवटच्या ड्रिपरला सत्ताविसाव्या मिनिटाला पोचलं, पंचेचाळिसाव्याला मोटर बंद. त्याला मिळालं अठरा मिनिटांचं खत. सबमेनजवळच्या पहिल्या ड्रिपरला साडेविसाव्या मिनिटाला पोचलं, त्याला साडेचोवीस मिनिटांचं. मोटर बंद झाली तेव्हा खताची शेपटी नुकती शेतात शिरत होती आणि सबमेन, नळ्या मिळून 291 लिटर खताचंच पाणी आत उभं होतं. आमचं रान सबमेनकडे उतरतं. ते पाणी मागे येऊन सुरुवातीच्या ड्रिपरमधून गळायचं. म्हणजे ज्यांना आधीच जास्त, त्यांनाच पुन्हा. बाकी राहिलेलं ड्रिपरच्या तोंडाशी वाळायचं. विहिरीचं पाणी जड आणि खत 12:61:00, त्यामुळे कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र येऊन पांढरा थर धरायला लागला होता.

आता खतानंतर वीस मिनिटं साधं पाणी देतो. सतराच्या वरची तीन मिनिटं अशासाठी की खताचं टोक सुरीने कापल्यासारखं सरळ पुढे सरकत नाही, वाटेत पसरतं. पडताळायला पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस पेन शेवटच्या ड्रिपरखाली धरला. सोळाव्या मिनिटाला आकडा चढू लागला, विसाव्याला स्थिरावला. फक्त ही चाचणी युरियावर करू नका. युरिया विरघळला तरी वीज वाहत नाही, पेनवरचा आकडा हलतच नाही, आणि माणूस पाइप फुटलाय का ते शोधत फिरतो.

प्रवाह उघड्या पाइपवर मोजणं

220 लिटर हा आकडा ड्रिपर मोजून काढलेला आहे. पुष्कळ जण पाइपचं तोंड टाकीत सोडतात, दोनशे लिटर भरायला लागलेले सेकंद मोजतात आणि तोच प्रवाह धरतात. उघड्या तोंडावर दाब नसतो, त्यामुळे मोटर जास्त पाणी फेकते. ठिबक चालू असताना तेवढं येत नाही आणि वेळ कमी निघतो. रिकामी लाइन भरतानाही हाच फरक पडतो, उलट्या दिशेने. लाइन भरेपर्यंत दाब चढलेला नसतो, म्हणून ती कागदापेक्षा थोडी लवकर भरते. पण उंचवट्यावर हवा अडकली असेल आणि तिथे एअर व्हॉल्व्ह नसेल, तर ड्रिपरमधून फुसफुस ऐकू येते, दाबाचा काटा नाचत राहतो, आणि मग कुठलाच हिशोब जुळत नाही.

फ्लशिंगला लिटर मोजणं

नळीत नऊ लिटर पाणी आहे, म्हणजे नऊ लिटर सोडलं की नळी धुतली, असं नसतं. गाळ हलवायला वेग लागतो, टोकाशी सेकंदाला निदान 0.3 मीटर. 13.8 च्या नळीत याचा अर्थ मिनिटाला 2.7 लिटर. टोपण काढून लिटरची बाटली धरायची. 22 सेकंदांत भरली तर ठीक, चाळीस सेकंद लागले तर गाळ आतच लोळत राहतो आणि पाणी मात्र वरवर स्वच्छ दिसतं. बावीसही टोपणं एकदम काढली तर असंच होतं, कारण ड्रिपरांचं पाणी चालूच असतं आणि टोकांसाठी मोटरकडे फारसं उरत नाही. आम्ही चार-पाच नळ्या एका वेळी सोडतो. पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या नळीतून चहासारखं पाणी मिनिटभर आलं, आणि मग शेवाळाची बोटभर लांब लडी.